मोकळी झाले की बोलू

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाताई म्हणतात. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चुकीचं ठेवलं नाही. पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात पेन असावं तसा तिचा चिमटा असतो, कारण तपासणीच्या वजनाला उघड्या हातानं शिवलेलं तिला खपत नाही. बोटाचा ओलसरपणा लागला तरी वजन वाढतं, आणि ते वाढलेलं तिच्या बॅलन्सला, त्या नाजूक तराजूला, दिसतं. गंमत अशी, की या बाईनं जन्मात कुणाला चिमटा म्हणून काढला नाही. तिथंच सगळं बिघडलं.

आमचं काम एका वाक्यात सांगते. कारखाने, दवाखाने, औषधवाले आपापली मोजमापाची साधनं आमच्याकडे पाठवतात, आणि ती खरं सांगतात का ते आम्ही तपासून लिहून देतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. मी तापमान आणि दाबाची माणूस, म्हणजे थर्मामीटर आणि गेज. ताई वजनांची. तिची खोली कोपऱ्यात, दोन दारांच्या आत. तिथं पंखा नाही, खिडकी नाही, दगडी टेबलावर बॅलन्स, आणि हवा वर्षभर एकाच मापाची. त्या खोलीत मोठ्यानं बोललेलं चालत नाही. मला तर ती आत शिरूच देत नाही. म्हणते, "तू आलीस की हवा हलते." मी तोंडाची फटकळ आहे, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला आश्चर्य वाटायला नको.

साधनांच्या बाबतीत ताईइतकी कडक बाई मी पाहिली नाही. एखादा कारखानेवाला समोर बसून गयावया करायचा. "ताई, एवढासाच तर फरक आहे, ऑर्डर अडकलीय, जरा सांभाळून घ्या." ताई त्याला पाणी द्यायची, चहा मागवायची, मुलाबाळांची चौकशी करायची, आणि मग त्याच्या वजनाला लाल चिठ्ठी लावायची. वापरू नये. तिथं तिचा हात कधी अडखळला नाही.

माणसाला 'नाही' म्हणायची वेळ आली की मात्र या बाईचं पाणी पाणी व्हायचं.

झालं असं, की आमच्या साहेबांना कुठूनतरी सुचलं आणि त्यांनी ताईचा एक छोटा व्हिडिओ काढला. ताई हातमोजे घालते, चिमट्यानं वजन उचलते, पेटीतून बॅलन्सवर ठेवते, काचेचं दार लावते, एक पाऊल मागं सरकते, आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघते. बस्स, एवढंच. साहेबांनी तो नोकरीधंद्याच्या ओळखींच्या त्या साईटवर टाकला. तिथं लोक एकमेकांचं अभिनंदन करण्यापलीकडे काही करत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. पण व्हिडिओ चालला. लोकांना त्यात काय दिसलं देव जाणे. बहुतेक इतकं शांतपणे काम करणारं माणूस त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं.

मग सुरू झाली रीघ. 'आपल्या नेटवर्कमध्ये सामील होऊ इच्छितो.' 'आपल्या प्रवासाविषयी जाणून घ्यायला आवडेल.' 'एका कॉफीवर पंधरा मिनिटं देऊ शकाल का?' कुणी विद्यार्थी, कुणी विक्रेता, कुणी नुसताच उत्साही. ताई जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून प्रत्येकाला उत्तर लिहायची. मी शेजारी बसून वाचायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

कारण ताईचं 'नाही' असं असायचं: "तुमचा निरोप वाचून फार आनंद झाला. तुमची जिद्द कौतुकास्पद आहे. सध्या जरा कामाचा ताण आहे. मोकळी झाले की नक्की बोलू." आणि वर त्याची ओळखीची विनंती स्वीकारून टाकायची. का, तर नाकारली तर त्याला वाईट वाटेल.

"ताई, याला नकार म्हणत नाहीत," मी म्हणायची.

"नाहीच तर म्हटलंय. सध्या जमणार नाही, असं स्पष्ट लिहिलंय."

"आणि 'मोकळी झाले की नक्की बोलू' हे कोण लिहून गेलं? तू मोकळी कधी होणार? तू तर रविवारीसुद्धा मोकळी नसतेस."

"अगं, बरं वाटतं माणसाला."

परिणाम व्हायचा तोच झाला. काचसामान विकणारा एक तरुण दर महिन्याच्या सुरुवातीला विचारायचा, "ताई, आता मोकळ्या झालात का?" एक निवृत्त प्राध्यापक तिला आपले लेख पाठवत राहिले. ताई प्रत्येकाला पुन्हा तसंच गोड लिहायची. आम्ही हसायचो, तीही हसायची. मी त्या काचवाल्याला तिचा जावई म्हणायला लागले होते. तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं, म्हणून ती गंमत होती.

मग ती औषधवाली आली.

तिचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथं नको. एका गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ती गुणवत्ता विभागात कंत्राटावर होती, चाळिशीच्या जवळ आलेली, मुलगी शाळेत. ओळखीच्या विनंतीसोबत तिनं निरोप जोडला होता, आणि तो ताईनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. ताई असं कधी करत नसे.

तिनं लिहिलं होतं, की व्हिडिओत दार लावल्यावर तुम्ही एक पाऊल मागं जाता आणि तोंड वळवून श्वास सोडता. हे कामाच्या पद्धतीत लिहिलेलं आहे, की तुमची सवय? कारण मीही आमच्या बॅलन्सपाशी तसंच करते आणि इथं मला सगळे हसतात. पुढं लिहिलं होतं, की माझ्यापुढे एक निर्णय आहे. कारखाना मला कायम करतोय, पण कागदपत्रांच्या विभागात. तिथं बॅलन्सला हात लागणार नाही. दुसरीकडे मला वाटतं, कॅलिब्रेशन नव्यानं शिकावं, उमेदवारीपासून सुरुवात करावी. या वयात ते वेडेपणाचं आहे का, हे विचारायला माझ्या ओळखीत कुणी नाही. कॉफीपुरता वेळ दिलात तर तुमचं मत ऐकून ठरवीन. कारखान्याला या महिन्याअखेर उत्तर द्यायचं आहे.

ताई डबा उघडा टाकून बसून राहिली. "बघितलंस? श्वास बघितला तिनं. साहेबांनी व्हिडिओ काढला, त्यांनाही दिसला नाही."

"मग भेट तिला."

"कशी भेटू?"

ते खरंच होतं. मी ताईवर चिडते, पण अन्याय करणार नाही. त्या महिन्यात आमच्या मान्यतेची तपासणी होती. बाहेरचे तपासनीस येतात, आमची प्रत्येक पद्धत, प्रत्येक नोंद उलटीपालटी करून बघतात, आणि वजनाच्या खोलीची सगळी जबाबदारी ताईच्या सहीवर. घरी तिची आई पडलेली, खुब्याचं ऑपरेशन होऊन नुकतीच परतलेली. ताई दुपारी फोनवरून आईला व्यायाम करायला लावायची. "आई, पाय उचल. नाही, तो नाही, दुसरा." संध्याकाळी धावत घरी. तिला खरोखरच वेळ नव्हता. नकार द्यायचा तिला पुरेपूर हक्क होता, आणि नकारानं कुणाचं काही बिघडलं नसतं.

"मग सरळ लिही," मी म्हटलं. "लिही, की मला जमणार नाही, महिन्याअखेरच्या आत तर नाहीच, तेव्हा माझ्यावर अवलंबून राहू नका. वयाचं विचारलंय, त्याचं दोन ओळींत उत्तर दे. शिकण्याच्या एकदोन जागांची नावं दे. संपलं. झालं की नाही प्रेमानं?"

"किती कोरडं वाटतं ते."

"कोरडंच बरं. ओल्यानं वजन वाढतं, हे तूच सांगतेस ना?"

ती हसली. पण लिहिलं तिनं आपलंच. श्वासाबद्दल भरभरून लिहिलं, की ते पद्धतीत नाही, ती माझी सवय आहे, आणि अशी सवय असणारं माणूस मला क्वचितच भेटलं. आणि शेवटी: "आमची तपासणी संपेपर्यंत मला भेटता येणार नाही. मोकळी झाले की शांतपणे बोलू. मीच तुम्हाला लिहीन." विनंती स्वीकारली. फोनमध्ये दर सोमवारची आठवण लावून ठेवली, डब्याच्या वेळेची. 'हिच्याशी बोलायचं आहे.' ताई खोटं बोलत नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिला मनापासून बोलायचं होतं.

तिकडून लगेच उत्तर आलं. "नक्की. मी वाट बघते."

आता आमच्याकडचा एक नियम सांगते, म्हणजे मी का चिडते ते कळेल. तपासलेल्या साधनाच्या प्रमाणपत्रावर पुढच्या तपासणीची तारीख आम्ही आपणहून टाकत नाही. ग्राहकाशी तसं ठरलं असेल तरच टाकतो. कारण एकदा आम्ही तारीख लिहिली, की लोक तिच्यावर विसंबतात. त्या तारखेपर्यंत सगळं ठीक चालणार, असं धरून चालतात, आणि ते आम्ही सांगू शकत नाही. आज काय दिसलं तेवढंच आम्ही लिहितो. हा नियम नव्या पोरांना ताईच शिकवते. एकानं सवयीनं तारीख टाकली होती, तर ताईनं अख्खं प्रमाणपत्र पुन्हा करायला लावलं होतं. आणि हीच बाई माणसांना न मागता पुढची तारीख लिहून देत होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही साधनं नेहमी इकडेच मागवतो असं नाही. शीतगृहाचे थर्मामीटर उचलून आणता येत नाहीत, तिथं आम्हाला जावं लागतं. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी माझी पेटी घेऊन एका औषधाच्या कारखान्यात गेले. कारखाना तोच आहे, हे मला दारात पोचेपर्यंत माहीत नव्हतं. आत टोपी, मास्क, पायात कापडी पिशव्या, सगळा जामानिमा करून मी शीतगृहात सेन्सर लावत होते, तेव्हा एक बाई माझ्याबरोबर नोंदी घ्यायला उभी होती. तिनं माझ्या कोटावरचं प्रयोगशाळेचं नाव वाचलं.

"तुमच्याकडे त्या वजनांच्या ताई आहेत ना?" तिनं हळूच विचारलं. "त्यांची तपासणी झाली का हो?"

मी मास्कच्या आतून जीभ चावली. "गेल्या आठवड्यात झाली," मी म्हटलं. खोटं बोलता येत नाही मला.

तिचे डोळे हसले. "बरं झालं. मग आता लिहितील त्या."

थंडीत उभ्या उभ्या मी तिला खोदून विचारलं. कारखान्यानं कायम करायचं पत्र दिलं होतं. तिनं सही करून दिलं नव्हतं. वरिष्ठ दोनदा विचारून गेले होते. घरी नवरा म्हणत होता, घे ना, कशाला थांबतेस. आणि ही थांबली होती. कारण ताईनं लिहिलं होतं, की मीच लिहीन.

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही त्यांच्यासाठी थांबू नका. त्या फार चांगल्या आहेत. पण त्यांच्या 'नंतर'वर काही ठरवू नका. मी रोज शेजारी बसते, मला माहीत आहे."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मीच काहीतरी मत्सरानं बोलतेय. "नाही हो," ती म्हणाली. "त्यांनी इतक्या आपुलकीनं लिहिलंय. ज्यांना नको असतं ते उत्तरच देत नाहीत. मी कितीतरी जणांना लिहिलं होतं, उत्तर एकट्या त्यांचंच आलं."

आपुलकीपुढे फटकळपणाचं काही चालत नाही, हे मला घरी आणि दारी दोन्हीकडे माहीत झालेलं आहे. बाई नोंदी मात्र सुरेख घेत होती. शीतगृहाचं दार उघडलं की आकडा हलायचा, तो पुन्हा बसेपर्यंत पेन टेकवत नव्हती.

परत येऊन मी कोटही न उतरवता ताईला गाठलं. सगळं सांगितलं. ताईचा चेहरा उतरला. "अगं बाई," ती म्हणाली, "ती खरंच थांबलीय?"

"मग तुला काय वाटलं? आत्ता फोन लाव. नाहीतर एक ओळ लिही, की माझी वाट बघू नका. आत्ता माझ्यासमोर."

तिनं फोन हातात घेतला. मग खाली ठेवला. पुन्हा घेतला. आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की वेळेचा प्रश्न आता उरलाच नव्हता. तपासणी झाली होती, आई काठीनं चालायला लागली होती.

"मी काय सांगू तिला?" ताई म्हणाली. "कायमची जागा सोड, असं सांगू? उद्या इकडे काही झालं नाही तर? आणि नको सोडू म्हणावं, तर तो हात कागदात जाणार. मला दोन्ही बोलवत नाही."

"मग हेच लिही. मला सांगवत नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

"थोडा विचार करते."

विचार करून तिनं दुसऱ्या दिवशी जे लिहिलं, ते तिनं पाठवून झाल्यावर मी वाचलं. आधी वाचलं असतं तर फोन हिसकावून घेतला असता. लिहिलं होतं: "तुमची आठवण रोज येते. एवढा मोठा निर्णय घाईत नको. जरा निवांतपणे बोलू या."

घाईत नको. महिना संपायला किती दिवस राहिले होते, हे सांगत नाही. सांगितलं तर मला आजही राग येईल.

त्या बाईनं घाई केली नाही. कारखान्यात महिनाअखेरला कागदांच्या विभागात दुसरं माणूस घेतलं. तिचं कंत्राट पुढं दोन महिने चाललं आणि संपलं. हे मला नंतर कळलं, पुन्हा त्याच शीतगृहात गेले तेव्हा. नोंदी घ्यायला नवा मुलगा उभा होता. दार उघडं असतानाच तो आकडा लिहून मोकळा होत होता. "आधीच्या मॅडम?" तो म्हणाला. "त्या गेल्या. कुठल्याशा दवाखान्यात रिसेप्शनला असतात म्हणे."

ताईला मी हे सांगितलं का? सांगितलं. शब्द गाळले नाहीत. ती बॅलन्सच्या खोलीत गेली आणि दोन्ही दारं लावून घेतली. त्या दिवशी तिनं एकच वजन पुन्हा पुन्हा तोललं. आकडा बसत नव्हता, असं म्हणाली. माणसाच्या अंगाची ऊब जवळ असली तरी आकडा सरकतो. ती त्या दिवशी मागं सरकायला विसरत असावी.

वर्ष सरत आलं तेव्हा साहेबांनी ताईला बोलावलं. म्हणाले, तुमच्या निवृत्तीला आता फार दिवस नाहीत, तुमच्या टेबलावर बसेल असं माणूस आत्तापासून तयार करा, उमेदवार तुम्हीच निवडा, वयाची अट नाही. ताई बाहेर आली ती जवळजवळ धावत. इतकी वर्षं तिला मी त्या बोळात धावताना पाहिलं नव्हतं.

"तिला बोलावते," ती म्हणाली. "तिलाच. आता तर मला नुसतं मत द्यायचं नाहीये. आता मी जागाच देतेय. काय ग, येईल ना?"

मला 'नाही येणार' म्हणायचं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून माझंही पाणी झालं. "लिही तर," मी म्हटलं.

यावेळी तिनं मला आधी वाचून दाखवलं. "मी तुम्हाला लिहीन म्हटलं होतं आणि फार उशीर केला, त्याची मला लाज वाटते. आमच्याकडे वजनांच्या कामाला उमेदवार घ्यायचा आहे. तुमच्याइतकं योग्य माणूस माझ्या डोळ्यांसमोर नाही. एकदा कॉफीला याल का? तुम्ही म्हणाल तिथं मी येते." ताई कॉफी पीत नाही, तिला पित्त होतं. तरी तिनं साईटवर त्या बाईचा दवाखाना बघून त्याच्या जवळचं एक बरं हॉटेल शोधून ठेवलं होतं.

उत्तर लगेच आलं नाही. ताई डब्याच्या वेळी फोन ताटलीशेजारी उलटा ठेवायची, आणि दर घासाला सुलटा करायची. एका दुपारी तो वाजला. ताईनं वाचलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"नमस्कार ताई. तुमचा निरोप वाचून बरं वाटलं, आणि तुम्ही माझा विचार केलात याबद्दल आभार. मी कॉफीला येऊ शकणार नाही. ती जागाही मला घेता येणार नाही. या दवाखान्यात मी आता रुळले आहे, घराची घडी बसली आहे, ती पुन्हा मोडायची नाही असं मी ठरवलं आहे. हे पुढं बदलेल असं वाटत नाही, म्हणून आत्ताच सांगते. माझ्याबरोबर कारखान्यात एक मुलगी होती. तिचा हात स्थिर आहे आणि ती उतावळी नाही. तिला विचारून तिचा नंबर खाली देत आहे. तुम्हाला चांगलं माणूस मिळो. माझी वाट बघू नका."

मी दोनदा वाचलं. त्यात राग शोधत होते, तो कुठं सापडेना. टोमणा नव्हता. 'बघू', 'कधीतरी', 'नक्की' यांतला एकही शब्द नव्हता. जे मी ताईला वर्षभर घसा फोडून सांगत होते, ते या बाईनं सहजासहजी लिहून टाकलं होतं, आणि तेही माझ्यापेक्षा कितीतरी प्रेमानं.

"बघ," ताई म्हणाली. "किती नीट लिहिलंय. कुणाला एक दिवससुद्धा थांबावं लागणार नाही."

मग बराच वेळ ती डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत राहिली. आटे काही बसेनात. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि लावून दिलं.

"मला वाटायचं, मी लोकांना दुखवत नाही," ती म्हणाली. "खरं तर मला स्वतःलाच वाईट दिसायचं नव्हतं ग. तेवढ्यासाठी तिचं..."

ती दुसरी मुलगी आली. चांगली आहे, शिकतेय. पण दार लावल्यावर मागं सरकायचं तिला अजून सांगावं लागतं. ताई सांगते, शांतपणे, प्रत्येक वेळी.

रीघ अजून पुरती आटलेली नाही. ताई आता थोडक्यात लिहिते. आभार मानते, जमणार नाही असं सांगते, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत असेल तर तेवढं देते, आणि शेवटी तीन शब्द लिहिते, वाट बघू नका. काचवाल्या तरुणालाही तिनं तेच लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "सरळ सांगितलंत, बरं झालं ताई." बाकी एकदोघं म्हणाले, बाई प्रसिद्ध झाली आणि तुटक झाली. त्यांना काय माहीत, एवढं लिहायला तिला काय मोजावं लागलं ते.

फक्त एक गोष्ट तिनं बदललेली नाही. दर सोमवारी डब्याच्या वेळी तिचा फोन वाजतो. 'हिच्याशी बोलायचं आहे.' मी एकदा म्हटलं, "आण इकडे, काढून टाकते." तिनं फोन पदराखाली घेतला. काढत नाही, पुढंही ढकलत नाही. वाजू देते, आणि वाजायचा थांबेपर्यंत घास हातात धरून बसते.